उंचीवाढीचा कमाल वेग आणि तो केव्हा येतो याचा अंदाज: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

उंचीवाढीचा कमाल वेग म्हणजे नेमके काय?

शाळकरी वयात मूल साधारणपणे वर्षाला पाच सेंटीमीटरच्या आसपास उंच होत असते. वयात येण्याच्या उंबरठ्यावर हा वेग किंचित मंदावतो, मग तो झपाट्याने वाढू लागतो, एका टोकाला पोचतो आणि त्यानंतर दोन-तीन वर्षांत जवळजवळ शून्यावर येतो. या चढउतारातील सर्वात वरच्या टोकाला उंचीवाढीचा कमाल वेग म्हणतात. क्रीडा प्रशिक्षक आणि बालरोगतज्ज्ञ त्याचा उल्लेख ‘पीएचव्ही’ असाही करतात. हे टोक ज्या वयात येते ते ‘कमाल वेगाचे वय’, आणि या पानावरील बहुतेक चर्चा त्याच वयाविषयी आहे. मूल किती उंच आहे यापेक्षा ते वाढीच्या कोणत्या टप्प्यावर आहे, हे या वयावरून कळते.

ब्रिटिश संशोधक जेम्स टॅनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मानकांत हे वय मुलींसाठी सुमारे १२ आणि मुलांसाठी सुमारे १४ वर्षे येते. मात्र ही सरासरी आहे. प्रत्येक मुलाचे वय तिच्या मागेपुढे असते आणि निरोगी मुलांमध्येही दोन वर्षे अलीकडे किंवा दोन वर्षे पलीकडे टोक येऊ शकते. म्हणूनच सातवी-आठवीच्या एकाच बाकावर बसणाऱ्या दोन मुलांमध्ये वाढीच्या दृष्टीने तीन-चार वर्षांचे अंतर असणे शक्य आहे.

दवाखान्यातील वाढीच्या तक्त्यावरून हे वय कळत नाही का?

थेट कळत नाही, आणि त्याचे कारण तक्ता ज्या पद्धतीने तयार होतो त्यात आहे. आपल्याकडे ५ ते १८ वर्षांच्या मुलांसाठी वापरले जाणारे भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेचे २०१५ चे तक्ते प्रत्येक वयाच्या वेगवेगळ्या मुलांची उंची एकदाच मोजून बनवलेले आहेत. अशा मापनातून ‘तेरा वर्षांची मुले साधारण किती उंच असतात’ हे चांगले कळते. एकेक मूल तिथपर्यंत कोणत्या वेगाने पोचले, हे मात्र त्यात दिसत नाही.

सरासरीमुळे आणखी एक गोष्ट घडते. काही मुलांचे टोक बाराव्या वर्षी, काहींचे चौदाव्या तर काहींचे पंधराव्या वर्षी येते. या सर्वांची सरासरी काढली की टोके एकमेकांवर न पडता शेजारी शेजारी पसरतात आणि सरासरीची रेषा बुटकी, रुंद टेकडी दाखवते. खऱ्या मुलाचा वेग त्या टेकडीपेक्षा उंच चढतो आणि लवकर उतरतो. अमेरिकी संशोधक फ्रँक शटलवर्थ यांनी १९३० च्या दशकात मुलांच्या नोंदी जन्मतारखेऐवजी कमाल वेगाच्या वयानुसार एकमेकांवर ठेवून पाहिल्या, तेव्हा हा फरक स्पष्ट दिसला.

याचा पालकांना व्यवहारात अनुभव येतो तो असा: लवकर वयात येणारे मूल तक्त्यावरील रेषा ओलांडत वर जाते आणि दोन वर्षांनी पुन्हा खाली येऊ लागते, तर उशिरा वयात येणारे मूल आधी खाली घसरते आणि मग वर येते. ही घसरण पाहून अनेक घरांत विनाकारण टॉनिके आणि पावडरी सुरू होतात. घसरणीचा खरा अर्थ लावायचा तर त्याच मुलाची, पुन्हा पुन्हा घेतलेली मापेच हवीत.

एकाच मुलाची अशी नोंद ठेवण्याची पद्धत किती जुनी आहे?

फिलिबर द मोंबेयार या फ्रेंच उमरावाने १७५९ ते १७७७ या काळात आपल्या मुलाची उंची साधारण सहा-सहा महिन्यांनी मोजली आणि ती नोंद निसर्गशास्त्रज्ञ ब्यूफाँ यांनी प्रसिद्ध केली. त्या मापांवरून काढलेल्या वेगाच्या आलेखात पौगंडातील टोक आजही स्पष्ट दिसते आणि वाढीच्या अभ्यासात तो आलेख अजून शिकवला जातो. अडीचशे वर्षांपूर्वीच्या साधनांनी जे जमले ते घरी किंवा शाळेतही जमते, मात्र माप काळजीपूर्वक घ्यावे लागते.

माप कसे घ्यावे?

मुलाने अनवाणी उभे राहावे. वेणी किंवा अंबाडा सोडलेला असावा. टाचा, कुल्हे आणि पाठ भिंतीला किंवा उंचीमापकाच्या दांड्याला टेकलेली असावीत आणि गुडघे सरळ असावेत. नजर समोर ठेवून डोके असे धरावे की कानाच्या भोकाचा वरचा काठ आणि डोळ्याच्या खोबणीचा खालचा काठ एका आडव्या रेषेत येतील. मुलाला दीर्घ श्वास घ्यायला सांगून डोक्यावर काटकोनात फळी टेकवावी आणि मिलिमीटरपर्यंत वाचन घ्यावे. मुलाला बाजूला करून पुन्हा उभे करावे आणि दुसरे माप घ्यावे. दोन्हींत अर्ध्या सेंटीमीटरपेक्षा जास्त फरक असल्यास तिसरे माप घ्यावे. शिंप्याची टेप यासाठी वापरू नये, कारण ती ताणली जाते आणि तिरकी धरली जाते.

दिवसाची वेळ बहुतेक जण विसरतात. सकाळी उठल्यानंतर मणक्यांमधील चकत्या शरीराच्या भाराने दबत जातात आणि संध्याकाळपर्यंत उंची सुमारे एक सेंटीमीटरने कमी भरू शकते. या घटीचा मोठा भाग उठल्यानंतरच्या पहिल्या काही तासांतच होतो. त्यामुळे वेळ कोणतीही चालेल, पण प्रत्येक वेळी तीच असावी. शक्यतो मोजणारी व्यक्ती आणि साधनही तेच असावे. नोंदीत महिना न लिहिता पूर्ण तारीख लिहावी. ‘सहा महिन्यांनी’ म्हणून घेतलेले माप प्रत्यक्षात सात महिन्यांनी घेतलेले असेल आणि भागाकार मात्र सहाने केला, तर वेग फसवा येतो.

किती दिवसांच्या अंतराने मोजावे? दर महिन्याला मोजले तर अधिक अचूक उत्तर मिळेल का?

नाही, उलट गोंधळ वाढेल. काळजीपूर्वक घेतलेल्या मापातही साधारण ०.३ सेंटीमीटरची चूक राहते असे धरू. वेग काढण्यासाठी दोन मापांची वजाबाकी करावी लागते आणि दोन्हींच्या चुका मिळून ती सुमारे ०.४ सेंटीमीटर होते. हा फरक वर्षाच्या वेगात बदलताना सहा महिन्यांच्या अंतराला दोनने, तर तीन महिन्यांच्या अंतराला चारने गुणावे लागते आणि चूकही तितक्याच पटीने वाढते. म्हणजे वर्षभराच्या अंतराला वेगातील चूक सुमारे ०.४, सहा महिन्यांना सुमारे ०.८ आणि तीन महिन्यांना सुमारे १.७ सेंटीमीटर प्रतिवर्ष होते. महिन्याच्या अंतराला ती पाच सेंटीमीटरच्या पुढे जाते, आणि वयात येण्यापूर्वीचा मुलाचा एकूण वेगच तेवढा असतो.

म्हणून सहा महिन्यांचे अंतर हा चांगला मध्य आहे. तीन महिन्यांनी मोजायला हरकत नाही, पण वेग काढताना एकाआड एक मापे घ्यावीत.

प्रत्यक्ष आकडेमोड कशी करायची?

एका मुलाची उदाहरणादाखल नोंद घेऊ. आकडे समजावण्यासाठी रचलेले आहेत, पण सरासरी वेळी वयात येणाऱ्या मुलाची नोंद साधारण अशीच दिसते. वेग म्हणजे मागील मापापासूनची वाढ, दोनने गुणून वर्षाच्या हिशेबात आणलेली.

| वय (वर्षे) | उंची (सेंमी) | वेग (सेंमी प्रतिवर्ष) |
|---|---|---|
| ११.५ | १४३.० | – |
| १२.० | १४५.४ | ४.८ |
| १२.५ | १४७.९ | ५.० |
| १३.० | १५१.१ | ६.४ |
| १३.५ | १५५.६ | ९.० |
| १४.० | १६०.३ | ९.४ |
| १४.५ | १६३.७ | ६.८ |
| १५.० | १६५.९ | ४.४ |
| १५.५ | १६७.३ | २.८ |

सर्वात मोठा वेग ९.४ आहे आणि तो १३.५ ते १४ या काळातील आहे. तो मुलाच्या चौदाव्या वाढदिवसाचा वेग नव्हे. तो त्या सहा महिन्यांचा सरासरी वेग असल्यामुळे त्याची जागा मध्यावर, म्हणजे १३.७५ वर, धरायची. हा मध्य धरायचे राहून गेले तर उत्तर थेट तीन महिने पुढे सरकते.

आता शेजारचे दोन वेग पाहा. अलीकडचा वेग ९.० आहे आणि तो १३.२५ या वयाचा. पलीकडचा ६.८ आहे आणि तो १४.२५ या वयाचा. अलीकडचा वेग मोठा असल्यामुळे खरे टोक १३.७५ च्या थोडे अलीकडे असले पाहिजे. या तीन बिंदूंमधून जाणारा परवलय काढला तर त्याचा शिरोबिंदू सापडतो. त्यासाठी अलीकडच्या वेगातून पलीकडचा वजा करायचा (९.० − ६.८ = २.२). मग दोन्ही शेजारी मिळवून त्यातून मधल्याची दुप्पट वजा करायची (१५.८ − १८.८ = −३.०). पहिल्या संख्येला दुसरीच्या दुपटीने भागून बिंदूंमधील अंतराने, म्हणजे ०.५ ने, गुणायचे. उत्तर −०.१८ येते. १३.७५ मधून ०.१८ वजा केल्यावर कमाल वेगाचे वय १३.५७, म्हणजे सुमारे १३ वर्षे ७ महिने मिळते. त्या परवलयाची उंची ९.६ आहे, म्हणजे कमाल वेग वर्षाला सुमारे ९.६ सेंटीमीटर.

वर्षातून एकदाच मोजले असते तर?

याच मुलाची १२.५, १३.५, १४.५ आणि १५.५ या वयांची चारच मापे आपल्याकडे असती, तर वेग ७.७, ८.१ आणि ३.६ आले असते. त्यांना हीच रीत लावली तर टोकाचे वय १३.५८ येते, म्हणजे जवळपास तेच. कमाल वेग मात्र ९.६ ऐवजी ८.५ दिसतो, कारण वर्षभराच्या सरासरीत टोक कापले जाते. पद्धतीचा हा गुण मला फार उपयोगाचा वाटतो: नोंद विरळ असली तरी टोकाची वेळ बऱ्यापैकी टिकते, ढासळते ती टोकाची उंची. शाळांमध्ये दर जूनमध्ये उंची नोंदवली जाते. तारीख आणि पद्धत नीट पाळली असेल तर त्या नोंदींतूनही हे वय काढता येते. टोकाच्या दोन्ही बाजूंना किमान एकेक वेग असणे मात्र आवश्यक आहे.

एखादे माप चुकले आहे हे कसे ओळखावे?

वरच्याच मुलाचे चौदाव्या वर्षाचे माप सकाळऐवजी संध्याकाळी घेतले आणि ते १६०.३ ऐवजी १५९.७ भरले असे समजा. आता वेग ९.४ आणि ६.८ ऐवजी ८.२ आणि ८.० होतात. टोक १३.२५ च्या बिंदूकडे सरकते आणि परवलयाचे उत्तर १३.३८ येते. सहा मिलिमीटरच्या फरकाने कमाल वेगाचे वय दोन महिन्यांहून अधिक हलले.

चुकीची खूण म्हणजे जोडीने येणारा धक्का. कमी भरलेल्या मापामुळे आधीचा वेग जितका घटतो तितकाच नंतरचा वेग वाढतो. आपल्या उदाहरणात ९.०, ८.२, ८.० अशी जवळजवळ सपाट ओळ आणि मग एकदम ४.४ असा कडा दिसतो. निरोगी मुलाचा वेग असा सपाट राहून कोसळत नाही. असे दिसले की त्या दिवसाची नोंद तपासावी. माप कोणी घेतले, किती वाजता घेतले, साधन बदलले होते का, हे पाहावे. मात्र आलेख गुळगुळीत दिसावा म्हणून आकडा मनाने बदलू नये. माप संशयास्पद वाटले तर ते गाळून दोन्ही बाजूंच्या मापांमधून वर्षभराचा वेग काढावा.

आजारपणानंतर भरून निघणारी वाढही टोकासारखी भासू शकते. त्याचप्रमाणे सहा ते आठ वर्षांच्या दरम्यान काही मुलांत लहानसा उसळीचा काळ येतो. तो पौगंडातील टोक नव्हे.

माझा मुलगा सध्या १३ वर्षांचा आहे. त्याचे टोक केव्हा येईल हे आजच सांगता येईल का?

मापांच्या आधारे निश्चितपणे सांगता येणार नाही. टोक आले होते हे ते ओलांडल्यानंतरच कळते. वरच्या मुलाच्या बाबतीत १४.५ वर्षांच्या मापाने उतार दिसला आणि १५ च्या मापाने तो पक्का झाला, म्हणजे घटनेनंतर साधारण एक ते दीड वर्षाने. त्याआधी एवढेच म्हणता येते की वेग अजून शांत आहे, वाढू लागला आहे की उतरू लागला आहे. १३ वर्षांच्या मापाला वेग ५.० वरून ६.४ वर गेला, तेव्हा चढण सुरू झाल्याची शक्यता दिसली. पुढच्या मापाला ९.० आल्यावर ती खात्री झाली. प्रशिक्षकाला किंवा डॉक्टरांना बहुतेक वेळा एवढी माहिती पुरते.

एकाच वेळच्या मापावरून हे वय सांगणारी सूत्रे आहेत, ती वापरावीत का?

अशी सूत्रे खूप वापरली जातात. मिरवाल्ड आणि सहकाऱ्यांचे २००२ चे सूत्र बसलेली उंची, पायांची लांबी, वजन आणि वय वापरते. २०१५ मध्ये मूर आणि सहकाऱ्यांनी त्याचे सोपे रूप दिले. मुलांसाठी ते असे आहे: वय × उंची × ०.००३६१२४ − ७.९९९९९४. उत्तर म्हणजे टोकापासूनचे अंतर वर्षांत. ते ऋण असेल तर टोक अजून यायचे आहे, आणि धन असेल तर ते होऊन गेले आहे.

हे सूत्र आपल्या मुलाला लावू. ११.५ वर्षांच्या मापावरून टोकाचे वय १३.५६ येते, १२ वर्षांच्या मापावरून १३.७०, १४ वर्षांच्या मापावरून १३.८९ आणि १५.५ वर्षांच्या मापावरून १४.१३. मुलगा एकच, त्याचे टोक एकदाच आले, तरी सूत्राचे उत्तर त्याच्या वयाबरोबर पुढे सरकत राहिले. सूत्रात वयाला मोठे वजन असल्यामुळे उत्तर नेहमी मोजण्याच्या वयाकडे आणि सरासरीकडे ओढले जाते.

सरासरी मुलाच्या बाबतीत ही ओढ फारशी जाणवत नाही. खरा घोटाळा होतो तो लवकर आणि उशिरा वयात येणाऱ्या मुलांच्या बाबतीत, आणि नेमक्या त्याच मुलांसाठी आपल्याला हे वय हवे असते. ११ वर्षांचा, १५० सेंटीमीटर उंचीचा, वाढ आधीच वेगात असलेला मुलगा घ्या, ज्याचे टोक प्रत्यक्षात १२ व्या वर्षी येणार आहे. सूत्र त्याला १३.०४ सांगेल. याउलट १४ वर्षांचा, १५० सेंटीमीटर उंचीचा मुलगा, ज्याचे टोक साडेपंधराव्या वर्षी येणार आहे, त्याला ते १४.४१ सांगेल. पहिल्याचे उत्तर एक वर्ष उशिराचे आणि दुसऱ्याचे एक वर्ष अलीकडचे. म्हणून माझे मत असे आहे की एका मापावरचे सूत्र मोठ्या गटाची ढोबळ विभागणी करण्यापुरते ठेवावे, आणि एकेका मुलाविषयी निर्णय घेताना ते वापरू नये.

मुलींच्या बाबतीत पाळी सुरू होण्याची तारीख पुरेशी नाही का?

ती अतिशय मोलाची खूण आहे, पण ती टोकानंतरची आहे. पहिली पाळी साधारणपणे कमाल वेगानंतर सुमारे एक वर्षाने येते, म्हणजे ती आली तेव्हा सर्वात वेगवान काळ बहुतेकदा उलटून गेलेला असतो. त्यानंतरही उंची थांबत नाही. बहुतेक मुली आणखी काही सेंटीमीटर वाढतात. मापांची मालिका आणि पाळीची तारीख एकमेकांना तपासून पाहण्यास उपयोगी पडतात. आकडेमोडीतून आलेले टोक पाळीच्या नंतरचे निघाले तर प्रथम मापांवर संशय घ्यावा.

शाळेतील किंवा अभ्यासातील शेकडो मुलांची नोंद असेल तर प्रत्येकाचा परवलय काढायचा का?

तसे करता येते, पण ज्या मुलांची मापे तुटक आहेत त्यांचे उत्तर त्यातून नीट मिळत नाही. टिम कोल आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये मांडलेली ‘सिटार’ ही पद्धत अशा वेळी अधिक चांगली ठरते. तिचे गृहीतक असे की सर्व मुलांच्या वाढीचा वक्र मूलतः एकच असतो आणि प्रत्येक मूल त्यापासून तीनच प्रकारे वेगळे होते. ते उंच किंवा बुटके असते, म्हणजे वक्र वर-खाली सरकतो. ते लवकर किंवा उशिरा वाढते, म्हणजे वक्र डावी-उजवीकडे सरकतो. आणि ते झपाट्याने किंवा संथपणे वाढते, म्हणजे वक्र आकसतो किंवा पसरतो. संगणक सर्व मुलांचे हे तीन आकडे आणि सामायिक वक्र एकाच वेळी शोधतो. ज्याची मापे कमी आहेत त्या मुलाला सामायिक वक्राचा आधार मिळतो.

आर या मोफत संगणक भाषेत त्यासाठीचे पॅकेज उपलब्ध आहे. त्यातच बारा मुलींच्या, वर्षातून दोनदा मोजलेल्या उंचीची नमुना नोंद दिलेली आहे:

```r
library(sitar)
m <- sitar(x = age, y = height, id = id, data = heights, df = 5)
plot(m, opt = "v", apv = TRUE)
ranef(m)
```

तिसऱ्या ओळीने सरासरी वेगाचा आलेख आणि त्यावरील टोकाचे वय दिसते. चौथ्या ओळीच्या तक्त्यातील `b` हा स्तंभ प्रत्येक मुलगी सरासरीपेक्षा किती वर्षे पुढे किंवा मागे आहे ते सांगतो. धन आकडा म्हणजे उशिरा. मुलांचा आणि मुलींचा वक्र एकत्र काढू नये, कारण त्यांच्या वक्राचा आकारच वेगळा असतो. तसेच ज्या मुलाची सर्व मापे टोकाच्या एकाच बाजूची आहेत त्याचा आकडा प्रामुख्याने गटाकडून आलेला असतो, हे वाचताना ध्यानात ठेवावे.

प्रशिक्षकांनी या माहितीचा काय उपयोग करावा?

वेग चढत असल्याचे दोन मापांत दिसले की त्या काळात उड्या आणि धावण्याचा भार एकदम वाढवू नये, आणि गुडघ्याखाली किंवा टाचेशी दुखत असल्याची तक्रार गांभीर्याने घ्यावी. या वयात हाडांच्या वाढीच्या जागी स्नायुबंधांचा ताण पडतो. पाय धडाच्या आधी लांब होतात, त्यामुळे काही महिने मुलाची धाव किंवा गोलंदाजीची लय बिघडल्यासारखी वाटू शकते. निवड चाचणीत मात्र या माहितीचा सर्वाधिक उपयोग आहे. टोक ओलांडलेला तेरा वर्षांचा मुलगा आणि टोकापासून दोन वर्षे दूर असलेला तेरा वर्षांचा मुलगा यांची ताकद आणि वेग यांची तुलना करून दुसऱ्याला वगळणे अन्यायाचे आहे.

डॉक्टरांकडे केव्हा जावे?

मुलीमध्ये ८ वर्षांपूर्वी किंवा मुलामध्ये ९ वर्षांपूर्वी वयात येण्याची लक्षणे दिसली, किंवा मुलीमध्ये १३ आणि मुलामध्ये १४ वर्षांपर्यंत कोणतेही लक्षण दिसले नाही, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवावे. वयात येण्यापूर्वीच्या काळात वर्षभराच्या अंतराने मोजलेला वेग चार सेंटीमीटरच्या खाली राहिला तरीही दाखवावे. जाताना तारखांसह सर्व जुनी मापे सोबत न्यावीत. हाताच्या एक्स-रेवरून हाडांचे वय काढले जाईल, पण ते त्या एका दिवसाचे चित्र असते. त्या दिवसापर्यंत वाढ कोणत्या वेगाने झाली हे तुमच्या वहीतील ओळींवरूनच डॉक्टरांना कळेल.